डब्याची भिंत स्वतःलाच पाहते

«तीन पृष्ठभागांच्या एन्क्लोजरला चार्ट लागतच नाहीत. क्षेत्रफळं माहीत असली की समेशन आणि रेसिप्रॉसिटी लावा, नऊच्या नऊ व्ह्यू फॅक्टर निघतात. F₁₂ = (A₁ + A₂ − A₃) / 2A₁ एवढं पाठ करा. शेवटी प्रत्येक ओळीची बेरीज १ आली की उत्तर बरोबर.»

हा दावा उष्णतेच्या प्रारणाच्या गणितातला आहे. एन्क्लोजर म्हणजे सगळ्या बाजूंनी बंद जागा, व्ह्यू फॅक्टर F₁₂ म्हणजे पृष्ठभाग १ मधून निघालेल्या ऊर्जेपैकी थेट पृष्ठभाग २ वर पोचणारा वाटा, A म्हणजे क्षेत्रफळ, आणि चार्ट म्हणजे हे फॅक्टर वाचायचे तयार आलेख. नऊ फॅक्टर निघतात? आधी मोजून बघू. अज्ञात नऊ. समेशनची समीकरणं तीन, F₁₁ + F₁₂ + F₁₃ = १ आणि तशाच आणखी दोन ओळी, कारण प्रत्येक पृष्ठभागातून निघालेली ऊर्जा आतच कुठेतरी पोचणार. रेसिप्रॉसिटीची तीन: A₁F₁₂ = A₂F₂₁ आणि तशाच आणखी दोन जोड्या. नऊतून सहा गेले, तीन उरले. हे तीन आकार बघूनच ठरतात, नुसत्या क्षेत्रफळांत ते सापडत नाहीत. पाठ करायला दिलेल्या सूत्रात ते न सांगता आत आलेत: F₁₁, F₂₂ आणि F₃₃ तिन्ही शून्य धरलेत. म्हणजे एकही पृष्ठभाग आत वळलेला नाही, कोणीच स्वतःला पाहत नाही.

मग सूत्र चुकीचं का? नाही, त्याची जागा वेगळी आहे. तीन पुठ्ठे एकमेकांना चिकटवून बघा, दोन्ही टोकं उघडीच राहतात. टोकं विसरता येतील इतक्या लांब त्रिकोणी डक्टचं हे सूत्र आहे आणि तिथे ते चोख चालतं. बाजू ३, ४, ५ घेतल्या तर F₁₂ = (३ + ४ − ५)/६ = १/३. F₂₁ मात्र १/४, कारण ३ × १/३ = ४ × १/४.

आता स्वयंपाकघरातला गोल डबा घ्या. तळ १, झाकण २, आतली भिंत ३. तळ आणि झाकण सपाट, म्हणून F₁₁ = F₂₂ = ०. पण भिंतीवरच्या एका ठिपक्याला समोरची भिंत सरळ दिसते, त्यामुळे F₃₃ शून्य नाही. तिसरी माहिती बाहेरून आणायलाच हवी. समोरासमोरच्या दोन सारख्या चकत्यांसाठी ती चार्टवरून किंवा या सूत्रावरून मिळते, h उंची आणि r त्रिज्या:

```
s = h/r
F12 = [2 + s² − s·√(s² + 4)] / 2
```

उंची व्यासाइतकी असेल तर s = २ आणि F₁₂ = ०.१७२. पुढचं सगळं बीजगणित. F₁₃ = ०.८२८. भिंतीचं क्षेत्रफळ तळाच्या चौपट, म्हणून F₃₁ = ०.२०७. झाकणाकडेही तेवढाच, आणि उरलेला F₃₃ = ०.५८६. भिंतीतून निघालेली निम्म्याहून जास्त ऊर्जा भिंतीवरच जाते!

बेरीज १ आली की बरोबर? इथे खरी गंमत आहे. त्याच डब्याला पाठ केलेलं सूत्र लावा: (१ + १ − ४)/२ = −१. मग F₁₃ = २, F₃₁ = F₃₂ = ०.५. तळाच्या ओळीची बेरीज −१ + २ = १. भिंतीची ०.५ + ०.५ = १. रेसिप्रॉसिटी: १ × २ = ४ × ०.५. दोन्ही तपासण्या पास आणि उत्तर मात्र हास्यास्पद. साहजिकच आहे, ज्या नियमांवरून आकडे काढले, तेच नियम ते आकडे पाळणार.

निदान ऋण चिन्ह दिसतं तरी. पोळ्यांच्या डब्यात तेही दिसत नाही. त्रिज्या १२ सेंमी, उंची ६ सेंमी धरा. भिंत आणि तळ यांचं क्षेत्रफळ सारखं. पाठ केलेलं सूत्र F₁₂ = ०.५ देतं. आकडा सभ्य, बेरजा जुळलेल्या. खरा F₁₂ ०.६१० आहे आणि F₃₃ ०.२१९. उंची आणखी कमी करून १.२ सेंमी केली तर सूत्र ०.९०० देतं आणि खरा आकडा ०.९०५ असतो. मला वाटतं हा दावा यामुळेच टिकलाय: उथळ आकारावर करून बघितला की तो जवळजवळ खरा वाटतो.

चार्ट वाचताना चूक झाली तरी हेच होतं. उंच डब्यासाठी ०.१७२ ऐवजी ०.२० वाचलं तर F₃₃ ०.६० येईल आणि बेरीज तरीही १. म्हणून तपासणी वेगळ्या वाटेने करावी. भिंतीच्या स्वतःकडच्या फॅक्टरचं स्वतंत्र सूत्र आहे:

```
H = h/(2r)
F33 = 1 + H − √(1 + H²)
```

H = १ घातलं की ०.५८६ येतो, आणि ०.६० वाला लगेच पकडला जातो.

चार्ट कधीच लागत नाही? कधीकधी खरंच लागत नाही, आणि तेही वक्र पृष्ठभाग असताना. अर्धगोल घुमट घ्या, त्याच्या सपाट जमिनीचे दोन अर्धे भाग करा: ते १ आणि २, घुमट ३. F₁₁ = F₂₂ = ०, आणि दोन्ही अर्धे एकाच प्रतलात असल्याने F₁₂ = ०. तीन गोष्टी नुसत्या बघून मिळाल्या. F₁₃ = १, घुमट एका अर्ध्याच्या चौपट, म्हणून F₃₁ = ०.२५, तेवढाच F₃₂, आणि F₃₃ = ०.५.