गुरुवारचं पाणी आणि आठचा आकडा

पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहणार, ही काही बातमी नव्हे. पण ती कळवायला सोसायटीच्या ग्रुपवर किमान तीन माणसं लागतात. पहिला निरोप टाकतो. दुसऱ्याने पहिल्याचा वाचलेला नसतो, म्हणून तोही टाकतो. तिसऱ्याला दोघांचाही पसंत नसतो. निरोप मराठी, अक्षरं इंग्रजी, आणि मधेमधे तांदळात खडे पेरावेत तसे आकडे. मग बी विंगमधून कोणीतरी विचारतं, "हे आठ म्हणजे सकाळचे की रात्रीचे?" आणि निम्मी सोसायटी बादल्या घेऊन चुकीच्या वेळी नळाखाली उभी राहते.

हा त्रास टाळता येतो. त्यासाठी अक्षराच्या जागी आकडा का आला, हे ओळखता यायला हवं. माझ्या मते कारणं तीनच: चेहरा, आवाज आणि शेजार. पहिली दोन मुद्दाम असतात, तिसरं बोटाच्या कृपेने.

चेहरा म्हणजे आकडा अक्षरासारखा दिसतो म्हणून बसवलेला. 4 हा A सारखा, 3 हा उलटा E, 1 म्हणजे I किंवा L, 0 म्हणजे O, 5 म्हणजे S, 7 म्हणजे T. ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या संगणकवेड्या पोरांनी रुळवली. स्वतःला 'एलीट' म्हणवून घ्यायचं आणि ते 31337 असं लिहायचं, म्हणजे परक्याला कळायला नको. आपल्याकडे हीच कला गाडीच्या पाटीवर गेली. 8055 चा 'बॉस' झाला, 214 ला जरा वळण दिलं की 'राम'. तिथे मुद्दाम की चुकून हा प्रश्नच येत नाही, कारण पाटी रंगवणाऱ्याचं बोट घसरून नेमका 'राम' उमटत नाही. हे नियमात बसत नाही आणि दंड होतो, तरी हौस टिकून होती; आता ठरावीक ठशाची पाटी आल्यापासून ती खिडकीवरच्या स्टिकरवर आली आहे.

आवाज म्हणजे आकड्याचा उच्चार शब्दात वापरायचा. a8van म्हणजे आठवण, vi4 म्हणजे विचार, 7ara म्हणजे सातारा. याला पोरकटपणा म्हणणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात घ्यावा. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची, पण एक जरी देवनागरी अक्षर घातलं की मर्यादा थेट ७० वर यायची. त्यात एसएमएसला पैसे. त्यामुळे मराठी माणसाने मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिली आणि तीही आखडून, यात नवल काही नाही. शिवाय जुन्या पत्रांतून आणि दप्तरांतून 'हळू२' लिहून 'हळूहळू' वाचलं जायचंच. तेव्हा आकड्यांनी भाषा बिघडवण्याचा मान आजच्या पोरांना एकट्याने घेता येणार नाही.

खरी गंमत तिसऱ्या कारणात, म्हणजे कीबोर्डवरच्या शेजारात आहे. एकच निरोप तीन घरांतून कसा येतो, ते पाहा. मूळ वाक्य साधं: guruvari pani band. taki bharun theva.

```
guruv4r1 p4n1 b4nd. t4k1 bh4run th3v4
gur7var8 pan8 band. taki bharun 5heva
g4r4var5 -an5 band. ta25 bhar4n theva
```

पहिली ओळ कॉलेजातल्या मुलाची. वाक्यात a सहा वेळा येतो, सहाही ठिकाणी 4 आहे. i तीनदा, तिन्ही ठिकाणी 1. e एकदाच, तिथे 3. u ला शोभेल असा आकडा नाही, म्हणून तो तसाच सोडलेला. म्हणजे हा शिस्तीचा माणूस आहे. त्यात a हे अक्षर कीबोर्डच्या मधल्या ओळीत असतं, आकड्यांपासून दूर. त्यावर टेकलेलं बोट 4 वर जायला रस्ताच नाही. म्हणून a च्या जागी 4 दिसला की डोळे मिटून 'मुद्दाम' म्हणावं. i च्या जागी 1 आला तरी तेच, कारण 1 डाव्या टोकाला आणि i उजवीकडे.

दुसरी ओळ आजोबांची, फोनवरून. फोनच्या कीबोर्डवर वरच्या ओळीत q पासून p पर्यंत दहा अक्षरं असतात आणि बऱ्याच फोनमध्ये प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक आकडा छापलेला दिसतो: q वर 1, w वर 2, असं करत p वर 0. अक्षर दाबून जरा जास्त वेळ धरलं की अक्षराऐवजी तो आकडा उमटतो. आजोबांची पिढी दारावरची बेल दाबावी तसं फोनवरचं बटण दाबते, नीट, आत जाईपर्यंत. मग u चा 7 होतो, i चा 8 आणि t चा 5. आजोबांच्या ओळीतले चारही आकडे याच हिशेबात चोख बसतात. आणि सहाच्या सहा a शाबूत आहेत, कारण a वरच्या ओळीत नाही. शिवाय taki मधला i सुटला, म्हणजे त्या वेळी बोट चटकन उचललं गेलं. असा धरसोडपणा चुकीची खूण. शैलीवाला असा निम्म्यात सोडत नाही.

बी विंगचा घोळ झाला तो याच pan8 वर. त्यांनी त्यात आवाज ऐकला. आजोबांनी फक्त 'पाणी' लिहिलं होतं. वेळ त्यांनी सांगितलीच नव्हती.

यावर उपाय घरातल्या घरात आहे. फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लाँग प्रेसला किती वेळ लागावा हे बहुधा वाढवता येतं, किंवा ती सोयच बंद करता येते. आजोबांना "हळुवार दाबा" म्हणून सांगण्यात अर्थ नाही. ते अजून हळुवार दाबतील, म्हणजे अजून जास्त वेळ.

तिसरी ओळ वाचून भले भले फसतात. इथे u प्रत्येक वेळी 4 आहे, i प्रत्येक वेळी 5, k चा 2 आणि p ची वजाबाकीची रेघ. सुटलेलं एकही नाही. म्हणजे शिस्त आहे, मग मुद्दाम असणार? नाही. हा काकूंचा जुना लॅपटॉप आहे. वेगळा आकडेफलक द्यायला जागा नव्हती, म्हणून कंपन्यांनी तो उजव्या हाताच्या अक्षरांत लपवला: j k l वर 1 2 3, u i o वर 4 5 6, आणि m वर 0. नम लॉक चुकून चालू राहिला की ही सात अक्षरं आकडे होतात, p ची बहुधा वजाबाकीची रेघ होते आणि बाकीची सभ्यपणे अक्षरंच राहतात. kulkarni चं 2432arn5 होतं, kothrud चं 26thr4d. ओळखायची खूण अशी की आकडे फक्त उजव्या हाताखाली येतात, आणि चेहरा कशाचाच जुळत नाही. 4 कधीच u सारखा दिसत नाही. हा घोळ पासवर्ड टाकताना जास्त छळतो, कारण तिथे सगळे ठिपकेच दिसतात. तीन वेळा नाकारला गेला की माणूस बँकेला शिव्या घालतो. नम लॉक बंद करायचा, बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी Fn सोबत दाबावं लागतं, की सगळं ठीक.

म्हणजे नुसत्या सातत्यावर जाऊ नये, आणि नुसत्या आकड्यावरही नाही. कॉलेजच्या मुलाचा 4 म्हणजे a, काकूंच्या लॅपटॉपचा 4 म्हणजे u. आकडा कोणत्या अक्षराच्या जागी बसला ते आधी बघायचं, मग ते दोघे दिसायला सारखे आहेत की कीबोर्डवर शेजारी, ते तपासायचं.

अडचण दोन ठिकाणी येते, कारण दोन जोड्या दिसायलाही सारख्या आणि राहायलाही शेजारी. एक म्हणजे o आणि 0. लॅपटॉपवर o च्या डोक्यावर 9 आणि 0 अर्धे अर्धे येतात, त्यामुळे बोट जरा वर गेलं की 0 पडू शकतो. पण तसं घडलं तर पुष्कळदा दोन्ही बटणं एकदम दबतात आणि b0ola असा माग राहतो. नुसतं b0la असेल तर संशयाचा फायदा शैलीला द्यावा. फोनवर मात्र o दाबून धरला तर 9 येतो, 0 येत नाही. त्यामुळे फोनवरून आलेलं b0la बहुधा मुद्दाम आणि b9la नक्की चुकून.

दुसरी जोडी e आणि 3, आणि ही खरोखर अवघड. 3 हा उलटा E दिसतो. लॅपटॉपवर तो e च्या वर डावीकडेच आहे. फोनवर e दाबून धरला तर 3 च येतो. तिन्ही रस्ते एकाच ठिकाणी. एकट्या 3 वरून निकाल देणारा माणूस सर्वज्ञ तरी असतो किंवा सदाशिव पेठेतला तरी. अशा वेळी त्याच माणसाच्या निरोपातले a बघायचे. ते 4 झाले असतील तर शैली. ते तसेच असतील आणि एखादा i 8 झाला असेल तर बोट. पण a तसेच, i तसेच आणि फक्त e चा 3 झाला असेल तर कीबोर्ड काहीच सांगत नाही, आणि माणसालाच विचारावं लागतं.

विचारणं पुण्यात सोपं नाही. "काका, हे चुकून झालं का?" म्हटलं की काकांची चूक काढल्यासारखं होतं, आणि निवृत्त माणसाची चूक ग्रुपवर काढणं म्हणजे पुढच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय स्वतःवर ओढवून घेणं. ए विंगच्या काकांनी m33ting ravivari असा निरोप टाकला. दोन्ही e 3 झालेले, बाकी अक्षर न् अक्षर जागेवर. लागोपाठ दोनदा बोट रेंगाळलं असेल, किंवा नातवाने शिकवलं असेल. पुराव्यावरून ठरेना. शेवटी कोणीतरी धीर करून अदबीने लिहिलं, "काका, हे 33 मुद्दाम लिहिलंय ना? छान दिसतंय."

काकांचं उत्तर लगेच आलं.

```
h9. m7ddam ch
```