शेअर घेतला केमनचा, नाव मात्र अलीबाबाचं

माझ्या भाच्याने मागच्या वर्षी अलीबाबा या चिनी ऑनलाइन विक्रीच्या कंपनीचे काही शेअर घेतले. पुण्यात आयटीत आहे, पगार बरा आहे, हौस दांडगी आहे. एका रविवारी जेवायला आला तेव्हा म्हणाला, "मामा, मार्केट कॅप काढलं, म्हणजे सगळ्या शेअरची मिळून बाजारकिंमत. दीड लाख कोटी डॉलर येतंय. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांत बसते!" मी म्हटलं, आकडा आणलास कुठून? तर म्हणे वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावरून.

आकडा बरोबर होता, हिशेब चुकला होता. न्यूयॉर्कला जो अलीबाबाचा कागद विकला जातो तो शेअर नव्हे, एडीएस आहे, म्हणजे बँकेकडे ठेवलेल्या शेअरची पावती. एक पावती म्हणजे आठ साधे शेअर. पहिल्या पानावर साध्या शेअरची संख्या असते, सुमारे 1900 कोटी. भाच्याने तिला पावतीच्या भावाने गुणलं. भाव 80 डॉलर धरला तर 1,52,000 कोटी डॉलर येतात. आधी आठाने भागलं असतं तर 19,000 कोटी आले असते. आणि 'एक पावती म्हणजे आठ शेअर' हे त्याच पानावर, संख्येच्या जरा वर छापलेलं असतं.

तेव्हापासून त्याच्यासोबत हा अहवाल पुन्हा वाचला. त्यातून माझं एक मत पक्कं झालं, म्हणून ही पोस्ट. लोक हे अहवाल उलटे वाचतात. आधी 'आमचा व्यवसाय' वाचतात, कारण तो गोष्टीसारखा असतो. मालकी आणि उपकंपन्या शेवटी, वेळ उरला तर. मी म्हणतो, धंद्याचं प्रकरण सगळ्यात शेवटी वाचा. आधी हे बघा की आपण नक्की कोणत्या कंपनीचे भागीदार आहोत.

अहवाल मिळवणं सोपं आहे. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या EDGAR या साइटवर BABA टाका आणि 20-F नावाचा फॉर्म उघडा. अमेरिकन कंपन्या 10-K भरतात, बाहेरच्या बहुतेक 20-F. अलीबाबाचं वर्ष आपल्यासारखंच 31 मार्चला संपतं आणि फॉर्म चार महिन्यांच्या आत भरावा लागतो, त्यामुळे जुलै संपेपर्यंत नवा आलेला असतो. शेकडो पानं बघून घाबरू नका, सगळी वाचायची नाहीत.

पहिल्या पानावर कंपनीचं नाव आहे, अलीबाबा ग्रुप होल्डिंग लिमिटेड, आणि नोंदणी केमन बेटांवरची. कचेरी हांगझोऊला, धंदा चीनमध्ये, कंपनी केमनची. पुढे व्याख्यांमध्ये 'आम्ही' या शब्दाचा अर्थ दिलेला असतो. ते वाक्य दोनदा वाचा. 'आम्ही' म्हणजे केमनची कंपनी आणि तिच्या उपकंपन्या, आणि काही ठिकाणी 'व्हीआयई'सुद्धा, म्हणजे मालकीऐवजी करारांनी ताब्यात ठेवलेल्या कंपन्या. या व्हीआयई उपकंपन्या नव्हेत. त्यांच्यात अलीबाबाचा एकही शेअर नाही.

भाचा इथे थबकला. "मग हिशेबात का धरतात?"

कारण चीनमध्ये इंटरनेट सेवांच्या काही परवान्यांवर परदेशी मालकीची बंधनं आहेत. म्हणून परवाना अशा चिनी कंपनीच्या नावावर असतो जिची मालकी चिनी माणसांकडे आहे. पूर्वी अलीबाबाच्या मुख्य व्हीआयई संस्थापक जॅक मा आणि सहसंस्थापक सायमन शिए यांच्या नावावर होत्या. आता मध्ये चिनी भागीदारी संस्थांचे थर घातले आहेत. या मालकांशी अलीबाबाच्या चिनी उपकंपनीचे करार असतात. तिने त्यांना कर्ज दिलेलं, शेअर तिच्याकडे गहाण, मतदानाचा अधिकार तिला लिहून दिलेला, आणि कधीही शेअर विकत घ्यायचा हक्कही तिचाच. आपल्याकडे सातबारा एकाच्या नावावर आणि कुलमुखत्यारपत्र दुसऱ्याच्या हातात असतं ना, जवळपास तसंच. भांडण कोर्टात गेलं तर काय होईल ही भीती कंपनी स्वतःच जोखमीच्या प्रकरणात लिहिते. शोधपेटीत variable interest entities टाकलं की सगळे उल्लेख सापडतात.

पण इथे उलट्या टोकाला जाऊ नका. 'म्हणजे सगळं कागदावरच आहे' असं म्हणणारे अहवालातला तक्ता बघत नाहीत. आयटम 3 मध्ये एकत्रित ताळेबंद रकान्यांत फोडून दिलेला असतो: मूळ कंपनी वेगळी, व्हीआयई वेगळ्या, बाकी उपकंपन्या वेगळ्या. अलीबाबाचं बहुतांश उत्पन्न थेट मालकीच्या उपकंपन्यांकडे येतं, व्हीआयईंकडे मुख्यतः परवाने आहेत. ज्या चिनी कंपनीचा सगळा धंदाच व्हीआयईत आहे, तिची जोखीम निराळी. नावं सारखी, तक्ते वेगळे.

उपकंपन्यांची यादी फॉर्मच्या आत नसते, सोबतच्या Exhibit 8.1 मध्ये असते, म्हणून बऱ्याच जणांना ती दिसतच नाही. तिथे नाव आणि नोंदणीची जागा असते. अलीबाबाची खरेदीची साइट ताओबाओ, तिची साखळी लावून बघा: केमनची मूळ कंपनी, खाली केमनचीच ताओबाओ होल्डिंग, तिच्याखाली हाँगकाँगची ताओबाओ चायना होल्डिंग, आणि मग चीनमधली ताओबाओ सॉफ्टवेअर. नफा याच जिन्याने वर येतो. यादी पूर्ण नसते, फक्त 'महत्त्वाच्या' कंपन्या असतात. एखादं नाव नाही म्हणून ती कंपनी समूहात नाही असं समजू नका.

आणि एक नाव उपकंपनी म्हणून शोधाल तर सापडणार नाही: अलीपे, मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा. आपल्याला वाटतं अलीबाबा म्हणजे अलीपे. ती अँट ग्रुपची आहे आणि अँटमध्ये अलीबाबाचा वाटा 33 टक्के. तो गुंतवणूक म्हणून दिसतो, विक्रीत मिसळत नाही. 2011 मध्ये अलीपे समूहाबाहेर जॅक मांच्या नियंत्रणातल्या कंपनीकडे गेली. कारण चीनच्या मध्यवर्ती बँकेच्या नव्या परवाना-नियमांचं दिलं होतं. तेव्हाची मोठी भागधारक याहू हिने ते जाहीर केलं ते मे 2011 मधल्या स्वतःच्या तिमाही अहवालात. माझ्या मते हे सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. एका कंपनीची बातमी दुसरीच्या कागदात सापडते, म्हणून मोठ्या भागधारकाचा अहवालही चाळावा.

आता मालकी. आयटम 7 मध्ये मोठ्या भागधारकांचा तक्ता असतो. शेअर पहिल्यांदा विकायला काढताना 2014 मध्ये जे माहितीपत्रक भरलं, त्यात जपानची सॉफ्टबँक 34.4 टक्के, याहू 22.6 आणि जॅक मा 8.9 होते. कोणीही म्हणेल, सत्ता सॉफ्टबँकेची. चूक. संचालकांचं प्रकरण उघडा, तिथे 'अलीबाबा पार्टनरशिप' भेटते, म्हणजे कंपनीतल्या वरिष्ठांचा एक गट. बहुसंख्य संचालक सुचवायचा हक्क या गटाचा. भागधारकांनी उमेदवार पाडला तर गट पुढच्या सभेपर्यंत दुसरा माणूस बसवू शकतो. हा नियम बदलायला सभेतली 95 टक्के मतं लागतात. याच रचनेमुळे हाँगकाँगने तेव्हा नोंदणी नाकारली आणि कंपनी न्यूयॉर्कला गेली.

त्या तक्त्यातली टक्केवारीही जपून वाचा. पुढच्या 60 दिवसांत मिळू शकणारे शेअरही त्यात धरतात, आणि तक्ता एका ठरावीक तारखेचा असतो. नोंदणीपुस्तकात तर पावत्यांमागे बँकेचंच नाव असतं, खरे मालक तिथे दिसत नाहीत.

भाच्याने शेअर विकले नाहीत. मीही सांगितलं नाही. फक्त परवा मेसेज आला, "मामा, दुसऱ्या एका चिनी कंपनीचा तक्ता बघितला. व्हीआयईचा रकाना इतर सगळ्यांपेक्षा मोठा आहे. रविवारी येतो."