सफरचंद तपकिरी पडतं ते लोहामुळे नाही

“कापलेलं सफरचंद जितकं लवकर तपकिरी पडेल, तितकं त्यात लोह जास्त.”

असा मेसेज फिरतोय, पण हे खरं नाही. १०० ग्रॅम सफरचंदात लोह जेमतेम ०.१ मिलिग्रॅम असतं. सुरी फिरली की पेशी फुटतात आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम (त्यात धातू असतो, पण तांबं!) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फळातल्या फेनॉल संयुगांपासून तपकिरी रंग तयार करतं. केळी-अ‍ॅव्होकाडोतही हेच घडतं.

लिंबाचा रस एन्झाइमला मंद करतो. मात्र त्यातलं क जीवनसत्त्व संपलं की रंग हळूहळू चढतोच. सफरचंदाच्या फोडी कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दहा मिनिटं बुडवा, मग धुवा. अ‍ॅव्होकाडोत बी ठेवल्याने फक्त बीखालचा गर वाचतो. त्यापेक्षा गराला चिकटून प्लास्टिक लावा.

लोहाचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.