व्यायामानंतर डोकं दुखतंय? आधी वजनकाट्यावर उभे राहा

«व्यायाम करणाऱ्यांनो, वाचा आणि पुढे पाठवा! व्यायामानंतर डोकं दुखतं, कामात लक्ष लागत नाही? शरीरात पाणी कमी पडलंय, दुसरं काही नाही. रोज चार लिटर पाणी प्यायलाच हवं, त्यातलं एक लिटर उठल्या उठल्या एका दमात. लघवी पाण्यासारखी स्वच्छ झाली पाहिजे. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजा. आणि चहा-कॉफी मोजू नका, ती उलट अंगातलं पाणी काढते.»

फोनवर फिरणाऱ्या या निरोपातल्या पहिल्या दाव्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं लोकांच्या गळी उतरतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाचे तरुण पुरुषांवर आणि तरुण स्त्रियांवर असे दोन अभ्यास २०११ आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांचं वजन अंगातलं पाणी कमी होऊन सरासरी १.३६ टक्के उतरलं तेव्हा डोकेदुखी वाढली, मन लागेनासं झालं, नेहमीचं काम जड वाटू लागलं. पुरुषांमध्ये दीड टक्क्याच्या आसपास सतत लक्ष ठेवण्याच्या कामात चुका वाढल्या. गंमत अशी की स्त्रियांच्या बौद्धिक चाचण्यांचे गुण फारसे घसरले नाहीत. घसरलं ते काम करतानाचं सुख. ‘डोकं चालत नाही’ असं वाटणं आणि ते खरोखर न चालणं यांत फरक असतो.

साठ किलोच्या माणसाला १.३६ टक्के म्हणजे जेमतेम ८०० ग्रॅम. एवढं वजन तासाभराच्या धावण्यात सहज जातं. ते गेलं की नाही हे मोजता येतं, आणि मोजायला घरातला वजनकाटा पुरतो.

मुंबईत सकाळी सहाला धावायला निघणारी साठ किलोची एक बाई धरा. ऑक्टोबरची दमट हवा आहे. निघण्यापूर्वी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत काट्यावर ६०.० किलो. सत्तर मिनिटं धावली, वाटेत २५० मिली पाणी प्यायली. परत आल्यावर अंग पुसून, ओले कपडे काढून वजन ५९.२. कमी झालेले ८०० ग्रॅम आणि प्यायलेले २५० मिली मिळून घाम गेला १,०५० मिली, म्हणजे तासाला साधारण ९०० मिली. वजनातली घट १.३ टक्के. मध्ये लघवीला गेली असती तर तेवढं वजा करावं लागलं असतं. यात हमखास होणारी चूक म्हणजे भिजलेल्या टी-शर्टसकट काट्यावर चढणं. त्यात दोन-तीनशे ग्रॅम घाम अडकलेला असतो आणि मग घट खरीपेक्षा कमी दिसते. काटा गादीवर किंवा सतरंजीवर ठेवला तरी आकडा चुकतो. तो फरशीवरच हवा.

आता तिची पुढची सकाळ पाहा. अंघोळ, अर्धा कप चहा, दोन टोस्ट, गर्दीची लोकल. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून ती प्रवासात पाणी पीत नाही. ही सवय किती बायकांना आहे ते त्यांनाच विचारा. मग एसी ऑफिस, तिथे घाम नाही म्हणून पाण्याची आठवण नाही. अकराला कपाळ आणि कानशिलं ठणकतात, एकच ईमेल तीनदा वाचावा लागतो. ही डोकेदुखी पाण्याच्या कमतरतेची असण्याचा संभव खरंच मोठा आहे. पण रोज चार लिटर रिचवून ती टळत नाही, कारण गडबड साडेसात ते अकरा या साडेतीन तासांत झाली आहे. रात्री जेवताना प्यायलेलं पाणी तिथे उपयोगी पडत नाही.

चार लिटरच्या आकड्याला तसा आधार सापडत नाही. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटरचा अंदाज दिला होता आणि त्यातला बराचसा भाग अन्नातूनच मिळतो, हेही तिथेच लिहिलं होतं. ते पुढचं वाक्य गळालं आणि आकडा फिरत राहिला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये स्त्रियांना दोन आणि पुरुषांना अडीच लिटर पुरेसे मानले, तेही अन्नातलं पाणी धरून आणि बेताच्या हवेत. वरण, आमटी, ताक, भात, काकडी, कलिंगड हे सगळं त्यात येतं. आपल्या हवेत घाम जास्त, म्हणून गरजही जास्त, हे बरोबर. पण वर्गात बसणाऱ्या पन्नास किलोच्या मुलीला चार लिटर उगाचच होतात, आणि मेमध्ये दुपारी दोन तास फुटबॉल खेळणाऱ्याला तेवढेही अपुरे पडू शकतात. (मुतखडा झालेल्याला डॉक्टर जास्त पाणी सांगतात, तो वेगळा विषय.)

सगळ्यात घातक सल्ला मात्र एका दमात पिण्याचा. एक लिटर एकदम पोटात गेलं की रक्त थोडं पातळ होतं, पाणी राखणारं संप्रेरक मेंदू आवरतं घेतो आणि तासा-दोन तासांत त्यातलं बरंचसं पाणी लघवीवाटे जातं. साडेपाचला प्यायलेलं पाणी साडेसहाला, नेमकं रस्त्यात असताना, बाहेर येतं. तेव्हाची लघवी स्वच्छ असते, पण त्यावरून एवढंच कळतं की तुम्ही नुकतंच पाणी ढोसलं आहे. लिंबू सरबतासारखा फिका पिवळा रंग पुरेसा आहे. सकाळची पहिली लघवी गडद असणारच, आणि बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंगावरून काहीच ठरवू नका.

आणि जास्त वेळ व्यायाम करताना ते पाणी बाहेर पडलंच नाही तर? दीर्घ श्रमात पाणी राखणारं संप्रेरक वाढलेलं असतं, मूत्रपिंडं पाणी सोडत नाहीत. वरून माणूस शर्यतीतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास घेत राहिला की रक्तातलं सोडियम घसरतं, पेशींत पाणी शिरतं, मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. याचा सर्वांत ठळक संबंध होता तो शर्यतीत वजन वाढण्याशी. लक्षणं कोणती, तर डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं. म्हणजे पाणी कमी पडल्यावर जे होतं, त्याच्याशी मिळतंजुळतं. इथे ‘पाणी कमी पडलंय’ म्हणत आणखी बाटली तोंडाला लावली तर जीवावर बेतू शकतं. फरक काटा सांगतो. वजन निघतानापेक्षा वाढलेलं असेल, बोटातली अंगठी घट्ट झाली असेल, पोट डबडबलं असेल, तर पाणी थांबवा. सोबत उलट्या किंवा असंबद्ध बोलणं असेल तर थेट रुग्णालय गाठा, आणि किती प्यायलं ते तिथे आवर्जून सांगा.

तहानेवर अविश्वास कशासाठी, ते कळत नाही. रक्ताची घनता एक-दोन टक्के वाढली की तहान लागते. रोजच्या जगण्यात तेवढी सूचना वेळेवरच असते. तहान कमी पडते त्या जागा मोजक्या आहेत. जोराचा व्यायाम चालू असताना, एसीत आणि थंडीत, पोहताना (पाण्यातही घाम येतो, दिसत नाही एवढंच), आणि साठीपुढच्या वयात. शिवाय तहान लागूनही पिता येत नाही ती जागा, म्हणजे लोकल किंवा चालू असलेली मीटिंग. या जागांसाठी आधीच ठरवून ठेवायचं, बाकी दिवस तहानेवर सोडायचा.

त्या साठ किलोच्या बाईने काय करावं? उठल्यावर २०० ते ३०० मिली पाणी सावकाश. धावताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार-पाच घोट, म्हणजे साधारण १५० मिली, एकूण ४५० च्या आसपास. मग घट ६०० ग्रॅमवर, म्हणजे एक टक्क्यावर येते. तेवढी चालते, घामाचा थेंब न् थेंब तिथल्या तिथे भरून काढायचा नसतो. घरी आल्यावर ग्लासभर ताक मीठ घालून, सोबत पोहे किंवा उपमा. लिटरभर घामात ढोबळमानाने अर्धा सपाट चमचा मीठ जातं, माणसागणिक कमी-जास्त, आणि मिठाशिवाय नुसतं पाणी प्यायलं तर ते अंगात नीट टिकत नाही. नाश्त्यातून आणि दुपारच्या जेवणातून हे मीठ भरून निघतं, म्हणून वेगळ्या गोळ्या घेण्याची गरज नसते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जादा मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उरलेलं पाणी ऑफिसात पोचल्या पोचल्या एक ग्लास आणि साडेदहाला एक. संध्याकाळी पुन्हा सराव असेल तरच घटीच्या दीडपट भरायचं, म्हणजे ६०० ऐवजी ९०० मिली, तेही तीन-चार तासांत विभागून. वजन घेण्याचा हा खटाटोप रोज करायचा नाही. जानेवारीत एकदा, मेमध्ये एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा केला की आपला घाम कळतो.

एवढं करूनही अकराला डोकं दुखलं तर अर्धा लिटर पाणी वीस मिनिटांत घोट घोट प्या आणि काहीतरी खारट खा. पाण्याचीच डोकेदुखी असेल तर अर्ध्या तासापासून तीन तासांत उतरते. नाही उतरली तर कारण दुसरं शोधा: उपाशीपोटी केलेला व्यायाम, आवळून बसलेलं हेल्मेट किंवा पोहण्याचा चष्मा, मानेचे आखडलेले स्नायू, अर्धशिशी. जोर लावताना अचानक, क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, किंवा तिच्याबरोबर मान कडक होणं, दिसण्यात-बोलण्यात फरक पडणं, हे सगळं पाण्याच्या हिशेबाबाहेरचं आहे. तिथे त्याच दिवशी, लगेच दवाखाना.

राहिला चहा. २०१४ मध्ये रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना काही दिवस दिवसाला चार कप कॉफी आणि काही दिवस तेवढंच पाणी देऊन पाहिलं. शरीरातल्या पाण्यात फरक पडला नाही. तेव्हा चहातलं पाणी बिनदिक्कत मोजा. उलट नेहमीचा चहा अचानक बंद केला तर शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं. काल संध्याकाळी सहाला चहा झाला, आज धावायचं म्हणून सकाळचा टाळला, की हे बारा तास सकाळी सहालाच भरतात आणि ऑफिसात पोचेपर्यंत कपाळ ठणकू लागतं. असं होत असेल तर निघण्यापूर्वी अर्धा कप घेऊन पाहा. चहा सोडायचाच असेल तर आठवड्याला एक कप या बेताने कमी करा, आणि ज्या आठवड्यात लांब पल्ल्याची शर्यत आहे तो आठवडा त्यासाठी निवडू नका.