'समजेल' म्हणजे मूल नेमकं काय करेल?

पाठ टाचणात उद्दिष्टांच्या रकान्यात मी कित्येक वर्षं हेच लिहीत आले: "विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची तुलना समजेल. गणिताची आवड निर्माण होईल." कृतीच्या रकान्यात असायचं, तयार वर्तुळांत अपूर्णांक रंगवणे. तास छान व्हायचा, मुलं रमायची. मग चाचणीत बरीच मुलं लिहायची की ३/५ पेक्षा ३/८ मोठा, कारण ५ पेक्षा ८ मोठे.

रंगवताना मुलं एकेक अपूर्णांक दाखवत होती. दोन शेजारी ठेवून मोठा कोणता हे ठरवायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती. आणि मला ते खटकलंही नव्हतं, कारण 'समजेल' या शब्दाखाली कुठलीही कृती खपून जाते.

आता तेच उद्दिष्ट मी असं लिहिते: "भिन्न छेदांच्या अपूर्णांकांच्या पाच जोड्या दिल्यावर विद्यार्थी प्रत्येक जोडीतला मोठा अपूर्णांक ओळखतील आणि आकृती काढून किंवा समच्छेद करून कारण दाखवतील, किमान चार जोड्या कारणासह बरोबर." रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: मूल काय करून दाखवेल, काय दिलेलं असताना, आणि किती नीट. तिन्ही यात आले. कारणाचा भाग मात्र कृपा करून गाळू नका. दोनातून एक निवडायचं असेल तर नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात.

वाक्य बदललं तशी कृतीही बदलावी लागली. आता प्रत्येक जोडगोळीला २४ सेंमीच्या दोन कागदी पट्ट्या देते. एकीचे तीन भाग, दुसरीचे चार. (तिनाची घडी हाताने नीट पडत नाही, म्हणून ८ सेंमीवर खुणा आधीच करून ठेवते.) २/३ म्हणजे १६ सेंमी, ३/४ म्हणजे १८. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की फरक डोळ्यांना दिसतो.

पण याच जोडीने मला एकदा चकवलं. तासाच्या शेवटी मी पुन्हा २/३ आणि ३/४ च विचारले आणि जवळजवळ सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. नंतर लक्षात आलं की 'आकडे मोठे तो अपूर्णांक मोठा' असं मानणारं मूलही इथे ३/४ च म्हणणार. चुकीच्या नियमाने बरोबर उत्तर! तेव्हापासून पाचांपैकी निदान दोन जोड्या अशा ठेवते की तो नियम तिथे तोंडघशी पडेल. उदाहरणार्थ ३/५ आणि ३/८, किंवा १/२ आणि ४/९.

आवडीचं वाक्य टाचणातून काढलं. आवड मला हवीच आहे, पण एका तासात ती मोजल्याचं मी लिहू शकत नाही.

जे मूल अजूनही ३/८ मोठा म्हणतं, त्याला दुसऱ्या दिवशी ४० सेंमीच्या दोन पट्ट्या मिळतात. पाच भाग केले तर एक भाग ८ सेंमीचा, आठ केले तर ५ सेंमीचा. तसे तीन-तीन भाग ते स्वतः मोजतं, मग आधीचं उत्तर स्वतःच खोडतं.