मधे हवा नाही, तरी ऊन पोहोचतं

"अवकाशात हवा नाही, म्हणजे उष्णता वाहून आणायला काहीच नाही. शिवाय सूर्याच्या दिशेने वर जावं तसं थंड होत जातं, चिखलदऱ्याला जाऊन पाहा. म्हणजे उष्णता सूर्याकडून येतच नाही, आपल्या हवेतच तयार होते."

सर, मॅडम आणि मित्रांनो, हा मेसेज आपल्या वर्गाच्या ग्रुपवरही फिरला, म्हणून मी याच विषयावर बोलायचं ठरवलं.

वहनाला आणि अभिसरणाला पदार्थ लागतो, तेवढं बरोबर आहे. पण हरभऱ्याच्या जागलीवरची शेकोटी आठवा. तापलेली हवा सरळ वर जाते, आपण बसतो बाजूला. तरी तोंड भाजतं आणि पाठ गारठलेलीच राहते. मधे कोणी उभं राहिलं की धग त्याच क्षणी तुटते, जशी सावली पडावी तशी. हे प्रारण. तापलेली वस्तू विद्युतचुंबकीय लहरी सोडते आणि त्यांना माध्यम लागत नाही.

आता हिशेब करून पाहू. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस. एवढ्या तापलेल्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून जवळपास ६.३ कोटी वॅट बाहेर पडतात. सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर आणि आपण १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे त्रिज्येच्या साधारण २१५ पट दूर. तीच ऊर्जा मोठ्या गोलावर पसरते, म्हणून २१५ च्या वर्गाने, सुमारे ४६ हजारांनी, भागायचं. उत्तर येतं १३७० च्या आसपास. उपग्रहांनी मोजलेला आकडा आहे १३६१ वॅट. ही मोजणी वातावरणाच्या बाहेरची आहे! उष्णता हवेत तयार होत असती, तर तिथे हे मिळालंच नसतं. चंद्रावर हवा नाही, तरी तिथली जमीन भर दुपारी १२० अंशांपर्यंत तापते. मधली जागा तापत नाही, कारण लहरी शोषून घ्यायला तिथे जवळजवळ काहीच नाही.

राहिला चिखलदरा. तो साधारण १.१ किलोमीटर उंच. १५ कोटींत एक किलोमीटरने काय फरक पडणार? हवा ऊन थोडंच शोषते, बरंचसं खाली जाऊ देते. तापते ती जमीन. जमिनीला टेकलेली हवा वहनाने तापते आणि वर चढते, म्हणजे अभिसरण इथे सुरू होतं. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते आणि थंड होते. सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश. परतवाड्याहून घाट चढताना जाणवतो तो गारवा हाच.

बाहेर आमच्या टेबलावर उन्हात दोन तापमापी आहेत, एकीचं खालचं टोक काजळीने काळं केलंय. हवा दोघींभोवती तीच, पण काळी जास्त चढलेली दिसेल. मग दोन्ही सावलीत न्या आणि पाच मिनिटं थांबा. आकडे जवळ येतात.