उजेडातला प्रोजेक्टर: त्या फॉरवर्डमधलं किती खरं, किती खोटं

वर्गातल्या प्रोजेक्टरबद्दलचा तो फॉरवर्ड असा: "वर्गात उजेड असला तरी पडदे-बिडदे लागत नाहीत. ब्राइटनेस 100, कॉन्ट्रास्ट 100, मोड डायनॅमिक करा. स्क्रीन जेवढी मोठी तेवढं मागच्यांना नीट दिसतं, आणि खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावली की बेस्ट."

मेनूतल्या ब्राइटनेसपासूनच घ्या, कारण खरा घोळ तिथे आहे. त्या सेटिंगने दिव्याचा उजेड वाढत नाही, फक्त चित्रातला काळा भाग वर उचलला जातो, म्हणजे काळी अक्षरं राखाडी होतात. उजेडाच्या खोलीत काळं आधीच फिकं दिसतंय, त्यात तुम्ही स्वतःच्या हाताने आणखी पाणी घालताय. दिव्याचा खरा उजेड लॅम्प मोड किंवा इको नावाच्या वेगळ्या सेटिंगमध्ये असतो, तो इकोवरून नॉर्मलला आणा, फरक लगेच दिसेल. ब्राइटनेस मात्र कंपनीने दिलेल्या मधल्या आकड्यावर किंवा त्याच्या आसपासच बरा.

कॉन्ट्रास्ट पांढऱ्या टोकाचा. 100 केला की फिकट पिवळा, फिकट राखाडी, पांढरा सगळं एकच होऊन जातं, ग्राफच्या बारीक रेघा आणि टेबलाच्या फिक्या ओळी गायब. एका स्लाइडवर अगदी फिकट राखाडी पट्टी काढा आणि ती पांढऱ्यातून जेमतेम वेगळी दिसेल तिथवरच कॉन्ट्रास्ट चढवा, पट्टी गेली की एक-दोन पावलं मागे या.

डायनॅमिकचं अर्धं खरं आहे. नुसता मजकूर दाखवायचा असेल तर खुशाल लावा, उजेड सगळ्यात जास्त त्याच मोडमध्ये निघतो आणि थोडी हिरवट झाक आली तरी काळ्या अक्षरांना काय फरक पडतो. पण नकाशा किंवा जीवशास्त्राची आकृती असेल तर जपून, विशेषतः रंगांचं चाक असलेल्या डीएलपी प्रोजेक्टरवर. त्यातल्या बऱ्याच चाकांना एक पांढरा (म्हणजे बिनरंगाचा) तुकडा असतो, त्याने पांढरं भगभगतं पण रंगांना तो उजेड मिळत नाही, मग पांढऱ्याशेजारी पिवळा मातकट आणि लाल विटकरी दिसतो. अशा वेळी प्रेझेंटेशन किंवा स्टँडर्ड मोड लावून तोच नकाशा परत बघा.

आता स्क्रीनच्या आकाराचं, इथे जरा हिशोब करू. समजा डब्यावर 3000 ल्युमेन लिहिलंय पण दिवा जुना झालाय आणि प्रत्यक्षात 2000 निघतायत (दिव्याचं जे आयुष्य छापतात ते साधारण उजेड निम्मा होईपर्यंतचं असतं). स्क्रीन 8 बाय 6 फूट म्हणजे जवळपास साडेचार चौरस मीटर, तर तिच्या दर चौरस मीटरवर सुमारे 450 ल्युमेन, म्हणजेच 450 लक्स पडेल. खोलीचा उजेड त्याच स्क्रीनवर 200 लक्स असेल तर पांढरं 650, काळं 200, म्हणजे फक्त सव्वातीन पट. हीच स्क्रीन 6 बाय साडेचार केली की पाच पट. आणि समोरच्या ट्यूबलाइट बंद करून, स्क्रीनजवळच्या एकाच खिडकीचा पडदा ओढून खोलीचा उजेड 80 वर आणला तर तीच लहान स्क्रीन थेट अकरा पट! अमेरिकेतल्या 2011च्या अ‍ॅन्सी-इन्फोकॉम स्टँडर्डमध्ये नुसतं बघायला किमान 7 पट आणि वाचून समजून घ्यायला 15 पट धरलंय, म्हणजे अकराही परफेक्ट नाही, पण सव्वातीनवर तर मुलं डोळे बारीक करूनच बसणार. लहान स्क्रीन मागच्यांना पुरते का? वाचण्यासाठी शेवटचा बेंच स्क्रीनच्या उंचीच्या सहा पटीत असावा, साडेचार फुटांना ते 27 फूट होतात, बहुतेक वर्ग त्यात बसतात, फक्त फॉन्ट मोठा ठेवा आणि पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवा, गडद बॅकग्राउंड उजेडात धुतलं जातं.

खोलीचा उजेड मोजायचा तर प्रोजेक्टर बंद करून फोन स्क्रीनला टेकवून धरा, सेन्सर वर्गाकडे, आणि लक्स दाखवणारं कुठलंही अ‍ॅप लावा. फोनचा आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच फोनवर आधी-नंतर तुलना करायला चालतो.

जागेचा सल्ला मात्र सरळ उलटा आहे. खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरचा सगळा उजेड येऊन आदळतो, आणि खिडकीच्याच भिंतीवर लावली तर मुलांच्या डोळ्यांवर झळ येते. आपल्याकडे खिडक्या बहुतेक बाजूच्या भिंतीला असतात, तेव्हा फळ्याच्या भिंतीवर खिडकीकडच्या कोपऱ्यात स्टँडवरची स्क्रीन ठेवा आणि तिचं तोंड खिडकीपासून थोडं लांब फिरवा, म्हणजे उजेड तिच्या पाठीवर किंवा कडेवर पडतो. प्रोजेक्टरही तेवढाच फिरवून तिच्या बरोब्बर समोर आणा, नाहीतर कीस्टोनने चित्र सरळ करावं लागतं आणि त्यात उजेड आणि अक्षरांची धार दोन्ही जातं. ज्या तासाला थेट ऊनच स्क्रीनवर येतं तेव्हा यातलं काहीही चालत नाही, त्या तासाला जाड पडदा तरी लावा नाहीतर प्रोजेक्टरचा तास बदलून घ्या.